लियोंमधले ऑफिस सोडताना

फ्रान्समधले भाड्याचे ऑफिस सोडायचे असेल, तर घरमालकाला नुसती ईमेल पाठवून भाडेकरार संपत नाही. ईमेल कितीही सभ्य असो, तारखा कितीही अचूक असोत, मालकाने "मिळाली, धन्यवाद" असे उत्तर दिलेले असो, तरी कायद्याच्या हिशेबात ती कराराची नोटीस होत नाही. पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांना हे उशिरा कळते. आपल्याकडे ऑफिसची जागा बहुधा लिव्ह अँड लायसन्सवर असते. लॉक-इन संपले की करारात लिहिल्याप्रमाणे दोन-तीन महिन्यांची नोटीस द्यायची, आणि ती ईमेलने चालेल असे करारातच लिहिलेले असले की काम झाले. तीच सवय घेऊन युरोपातल्या शाखेचा हिशेब करायला बसले, की गफलत होते.

फ्रान्समध्ये व्यावसायिक जागेच्या करारावर एका वेगळ्याच कायद्याचे छत्र आहे. 30 सप्टेंबर 1953 च्या फर्मानाने त्याची बैठक घातली आणि आज तो तिथल्या वाणिज्य संहितेचा भाग आहे. करार किमान नऊ वर्षांचा असतो, आणि भाडेकरूला दर तीन वर्षांच्या शेवटी बाहेर पडायची मुभा असते. म्हणून तिथले लोक त्याला सरळ "3-6-9" म्हणतात. तीन वर्षांच्या मध्येच "आम्हाला आता जागा नको" असे एकतर्फी म्हणता येत नाही. दार तीन वर्षांनी एकदा उघडते, आणि ते उघडे असताना बाहेर पडायचे असेल तर किमान सहा महिने आधी सांगावे लागते. कसे सांगायचे हेही कायद्यानेच ठरवून दिले आहे: एक तर पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्राने, नाही तर न्यायिक अधिकाऱ्याकरवी बजावलेल्या कागदाने. या अधिकाऱ्याला पूर्वी "उइसिए" म्हणत. 1 जुलै 2022 पासून त्याचे अधिकृत नाव "कोमिसेर द झ्युस्तीस" आहे. त्याने लिहिलेली तारीख आणि मजकूर न्यायालयात सहसा खोडून काढता येत नाही.

मग ईमेल कशाला लिहायची? कारण पत्राने करार संपतो, पण जागा सोपवायचे काम पत्राने होत नाही. किल्ल्या कोण घेणार, पाहणी कोणत्या दिवशी, पार्टिशन ठेवायची की काढायची, जानेवारीचे भाडे किती भरायचे, हे सगळे ईमेलवर ठरते. दोन्ही लागतात, आणि दोन्हींचा क्रम चुकवून चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची फ्रेंच शाखा लियोंच्या पार-द्यू भागात, स्टेशनजवळ, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. करार 1 फेब्रुवारी 2021 ला सुरू झाला. वार्षिक भाडे 36,000 युरो, कर आणि इतर खर्च वेगळे, दर तिमाहीला आगाऊ. पहिले तीन वर्षांचे दार 31 जानेवारी 2024 ला उघडून बंद झाले. त्या वेळी कोणी काही हालचाल केली नाही. आता दुसरे दार 31 जानेवारी 2027 ला आहे. त्याच्या सहा महिने आधी म्हणजे 31 जुलै 2026 पर्यंत नोटीस मालकाला पोहोचायला हवी.

"पोहोचायला" या शब्दातच खरी मेख आहे. वाणिज्य संहितेचा नियम सांगतो की पत्राने नोटीस दिली तर पोस्टमनने ते मालकाच्या पत्त्यावर पहिल्यांदा दाखवले, तीच नोटिशीची तारीख. तुम्ही पोस्टात कधी टाकले याने काही ठरत नाही. 31 जुलै 2026 हा शुक्रवार आहे. फ्रान्समध्ये या सुमारास निम्मा देश सुट्टीवर निघालेला असतो, अनेक छोट्या कचेऱ्या ऑगस्टभर बंद असतात. पत्र बुधवारी 29 जुलैला टाकले आणि पोस्टमन सोमवारी 3 ऑगस्टला दाराशी पोहोचला, तर सहा महिने भरत नाहीत. दार निघून गेले. पुढचे 31 जानेवारी 2030 ला, म्हणजे कराराच्याच शेवटी. त्या अवकाशात भाडे द्यावे लागेल ते 1,08,000 युरो, वर खर्च आणि कर. तीन दिवसांच्या उशिराची किंमत इतकी असू शकते, म्हणूनच अनुभवी लोक जुलैची वाट बघत नाहीत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पत्र गेलेले असते.

मालक घरी नव्हता, पोस्टमनने चिठ्ठी टाकली आणि मालकाने पत्र आणायला कधी गेलाच नाही, तर? ते चालते, पहिल्यांदा दाखवल्याची तारीखच मोजली जाते. पण पत्ताच चुकीचा निघाला आणि पत्र कुणाला दाखवताच आले नाही, तर ती नोटीस कोमिसेरकडून पुन्हा बजावावी लागते. सहा महिन्यांच्या काठावर असाल तर सुरुवातीपासूनच त्याच्याकडे जावे, कारण तिथे पत्ता शोधण्याची आणि बजावल्याचा पुरावा ठेवण्याची जबाबदारी त्याची असते. शुल्क लागते, पण वरच्या आकड्यापुढे ते क्षुल्लक.

इलेक्ट्रॉनिक रजिस्टर्ड पत्र नावाची सोयही तिथे आहे. पण ती साधी ईमेल नव्हे. मान्यताप्राप्त सेवा पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळख तपासते, वेळेचा शिक्का मारते, आणि तेव्हाच तिला कागदी रजिस्टर्डचा दर्जा मिळतो. समोरचा व्यावसायिक नसेल, म्हणजे खासगी व्यक्ती मालक असेल, तर त्याची आधी संमती लागते. आपल्या उदाहरणात मालक म्हणजे एका कुटुंबाची मालमत्ता सांभाळणारी नोंदणीकृत संस्था आहे असे समजले, तरी मी कागदच पाठवेन. मालकाशी पुढे वाद झालाच, तर पिवळी पोचपावती वकिलाला जास्त आवडते.

आता एक धोक्याची जागा, आणि ऑफिसवाल्यांसाठी तीच सर्वात महत्त्वाची. दुकान किंवा कार्यशाळेच्या भाडेकरूची दर तीन वर्षांनी सुटण्याची मुभा करारात लिहून सहसा काढून घेता येत नाही. पण कायद्याने काही अपवाद ठेवले आहेत: नऊ वर्षांहून लांब करार, एकाच उपयोगासाठी बांधलेल्या इमारती, काही गोदामे, आणि केवळ ऑफिस म्हणून वापरायच्या जागा. म्हणजे ऑफिसच्या करारात "पहिली सहा वर्षे पक्की" असे लिहिले असेल तर ते चालते. आपल्या उदाहरणात असे कलम आहे की नाही, हे करार उघडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. असले तर पहिले दार 2024 ला नव्हतेच, आणि 2027 चे आहे. नऊ वर्षे पक्की असतील तर 2027 चेही नाही. इंग्रजी भाषांतरावर विसंबून राहू नये; सही फ्रेंच मजकुरावर झालेली असते आणि न्यायालय तोच वाचते. आपल्या कंपनीच्या करारात तशी अट नाही, असे गृहीत धरून पुढे जाऊ.

आणखी एक खोच सहीची. भाडेकरू म्हणून करारात ज्या कंपनीचे नाव आहे तिच्या कायदेशीर प्रतिनिधीनेच सही करावी. पुण्यातल्या मुख्य कार्यालयातला अधिकारी कितीही वरचा असला, तरी तो फ्रेंच कंपनीचा नोंदणीकृत प्रतिनिधी नसेल तर त्याच्या सहीबरोबर लेखी अधिकारपत्र हवे. नोटीस जायची तीही ज्याच्या नावे करार आहे त्या मालकाला. सहमालक असतील तर सगळ्यांना. व्यवस्थापन एजन्सीला प्रत पाठवावी, पण तिलाच मालक समजून थांबू नये, करारात तिला तसा अधिकार दिलेला असल्याशिवाय.

नोटिशीचा मजकूर फार लांब नको. कोणता करार, कोणत्या तारखेचा, कोणती जागा, कोणत्या तारखेला सोडतो. भाडेकरूला कारण द्यावे लागत नाही, आणि द्यायचेही कारण नाही. आपल्याकडच्या ऑफिसातल्या इंग्रजीची एक लकब इथे घातक ठरते: "आम्ही जागा सोडण्याचा विचार करीत आहोत, कृपया आपली मान्यता कळवावी". विचार करीत आहोत म्हणजे निर्णय झालेला नाही, असा अर्थ निघतो. मान्यता मागितली की हा एकतर्फी हक्क आहे हेच पुसले जाते आणि मालकाला वाटते की आपण सहमतीने करार संपवण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. तो मग अटी घालू लागतो. जर-तर घालू नये, "नवी जागा मिळाली तर" असे तर मुळीच नाही. नोटीस एकदा गेली की मालकाच्या संमतीशिवाय मागे घेता येत नाही, म्हणून नव्या जागेचे नक्की झाल्यावरच ती पाठवावी. जाता जाता हेही सांगायला हवे: नोटीस देणारा भाडेकरू कराराच्या नूतनीकरणाचा हक्क आणि जागा खाली करावी लागल्यास मिळणारी भरपाई, दोन्ही सोडतो. आपल्या कंपनीला यातले काही नको आहे, पण ज्या दुकानदाराचा धंदा त्या जागेवरच उभा आहे त्याने थांबून विचार करावा.

आता ईमेल. रजिस्टर्ड पत्र पोस्टात टाकले त्याच दिवशी ती पाठवावी, एजन्सीला आणि मालकाला दोघांनाही. विषयाच्या ओळीत कराराचा पत्ता आणि समाप्तीची तारीख. मजकूर साधारण असा असावा. फ्रेंचमध्ये तो याहून थोडा अधिक औपचारिक होईल, कारण तिथे अशा पत्राच्या शेवटी नमस्काराचे ठराविक वाक्य घालावेच लागते.

"महोदया, महोदय,

आमच्या कंपनीने दि. 11 जून 2026 रोजी आपल्याला पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्र पाठविले आहे. त्याद्वारे 1 फेब्रुवारी 2021 पासून सुरू असलेल्या, तिसऱ्या मजल्यावरील ऑफिसच्या व्यावसायिक भाडेकराराची नोटीस आम्ही दिली आहे. करार दुसऱ्या तीन वर्षांच्या अखेरीस, म्हणजे 31 जानेवारी 2027 रोजी संपेल. पत्राची प्रत सोबत जोडली आहे. ही ईमेल केवळ माहितीसाठी असून ती त्या पत्राची जागा घेत नाही.

जागा सोपवण्याबाबत पुढीलप्रमाणे सुचवितो. प्राथमिक पाहणी नोव्हेंबर 2026 मध्ये, आपल्याला सोयीच्या दिवशी. शेवटची संयुक्त पाहणी आणि किल्ल्या परत देणे शुक्रवार, 29 जानेवारी 2027 रोजी सकाळी 10 वाजता, कारण 31 जानेवारीला रविवार आहे. त्या दिवशी आपल्या वतीने कोण हजर राहील आणि किल्ल्या कोण स्वीकारेल ते कळवावे. 1 जानेवारीला देय तिमाही भाड्यापैकी फक्त 31 जानेवारीपर्यंतचा भाग आम्ही भरू. अंतर्गत पार्टिशन आणि केबलची व्यवस्था ठेवावी की काढावी, याविषयी आपला निर्णय 30 सप्टेंबरपर्यंत कळवावा. अनामत परत करण्यासाठी बँकेचा तपशील सोबत आहे."

यात मान्यता मागितलेली नाही. मागितली आहेत ती उत्तरे. "पत्राची जागा घेत नाही" हे वाक्य आपण स्वतःच्या विरुद्ध लिहितो आहोत असे वाटेल, पण त्याचा फायदा आपलाच आहे. उद्या ईमेल आणि पत्र यांच्या तारखांत किंवा शब्दांत फरक पडला, तर कोणता कागद खरा हा प्रश्न उठत नाही.

शेवटच्या दिवसाची तारीख मुद्दाम पाहिली, तसे सगळ्यांनी पाहावे. 31 जानेवारी 2027 रविवार आहे. रविवारी मालक, एजन्सी, कोमिसेर कुणीच येत नाही. म्हणून शुक्रवार. पण शुक्रवारी जागा सोडली म्हणून भाडे शुक्रवारी थांबत नाही. ते रविवारपर्यंत चालते. आणि उलटही खरे आहे: करार 31 ला संपला पण किल्ल्या 15 फेब्रुवारीला दिल्या, तर मधल्या पंधरा दिवसांची भरपाई मालक मागू शकतो. करारात ती भाड्याच्या दीडपट किंवा दुप्पट ठरवलेली असणे असामान्य नाही. किल्ल्या मालकाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती देऊन सहीची पावती घ्यायची. खालच्या रिसेप्शनवर लिफाफा ठेवला, टपालाने पाठवल्या, सुरक्षारक्षकाला दिल्या, असे करून मोकळे झालो समजू नये. मालक न आला किंवा किल्ल्या घेईना, तर कोमिसेर बोलावून त्याच्यासमोर नोंद करून घ्यावी. किती किल्ल्या, किती प्रवेशकार्डे, पार्किंगचे किती रिमोट, अलार्मचा कोड, हे पावतीवर लिहावे. एक रिमोट हरवला आहे ही बातमी पाहणीच्या दिवशी ऐकणे कुणालाही आवडत नाही.

पाहणीला तिथे "एता दे लियू" म्हणतात, आणि 2014 च्या पिनेल कायद्याने व्यावसायिक करारात ती जागा घेताना आणि सोडताना दोन्ही वेळी करणे आवश्यक केले. दोघांनी बसून करायची. जमत नसेल तर कोमिसेरला बोलवायचे आणि खर्च अर्धा-अर्धा. भाडेकरूसाठी यातली महत्त्वाची गोष्ट सुरुवातीच्या पाहणीची आहे. जागा घेताना ती झाली नसेल, तर भाडेकरूला जागा चांगल्या स्थितीत मिळाली असे गृहीत धरले जाते. पण मालकाने ती करण्याची खटपटच केली नसेल तर त्याला या गृहीतकाचा आधार घेता येत नाही. म्हणून 2021 चा कागद शोधा. तो नसेल, तर कोणी नाही केला, हे शोधा.

पार्टिशनचा प्रश्न ईमेलमध्ये आधीच घातला, कारण तिथे पैसे अडकतात. भाडेकरूने घातलेल्या सुधारणा कराराच्या शेवटी मालकाच्या होतील, की भाडेकरूने जागा मूळ स्थितीत आणून द्यायची, हे करारातले कलम ठरवते, आणि पुष्कळ करारांत मालकाला दोन्हींपैकी निवडायची मुभा असते. त्याने उत्तर जानेवारीच्या मध्यात दिले तर कारागीर मिळणार नाही. म्हणून प्राथमिक पाहणी नोव्हेंबरमध्ये. त्या वेळी मालकाचा माणूस बोट दाखवतो: हा गालिचा बदला, ही भिंत रंगवा, ही केबलची नळी काढा. नोंद घ्यायची, दोघांनी सही करायची, आणि डिसेंबरमध्ये काम करून घ्यायचे. नेहमीची झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे लक्षात ठेवून यादी वाचावी.

आणि तरीही वाद झालाच तर? फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, कूर द कासास्यों, 27 जून 2024 च्या तीन निवाड्यांत एक गोष्ट स्पष्ट केली: भाडेकरूने दुरुस्ती केली नाही एवढ्यावर मालकाला भरपाई मिळत नाही, त्याला त्यातून प्रत्यक्ष नुकसान झाले हे दाखवावे लागते. इमारत पाडायची असेल किंवा नव्या भाडेकरूने जागा आहे तशी घेतली असेल, तर मालकाचे म्हणणे कमकुवत पडते. ही माहिती हत्यार म्हणून ईमेलमध्ये घालू नये. जेव्हा खर्चाचे कोटेशन येईल तेव्हा उपयोगाची.

भाड्याचा हिशेब सोपा आहे. 36,000 भागिले 12, म्हणजे महिन्याला 3,000. 1 जानेवारीला तिमाहीचे 9,000 न भरता 3,000 भरायचे. एजन्सीचे संगणक सवयीने तिमाहीचे बिल पाठवतात, आणि आपल्याकडच्या अकाउंट्स विभागाने ते सवयीने भरले तर फेब्रुवारी-मार्चचे 6,000 परत मागत बसावे लागते. म्हणून डिसेंबरमध्येच एक आठवण पाठवावी. इमारतीच्या सामायिक खर्चाचा अंतिम हिशेब मात्र वर्षाच्या शेवटानंतर येतो, त्यामुळे किल्ल्या दिल्यावरही काही महिने एक बिल उरते. अनामत कधी परत मिळेल ते करारात पाहावे. मालक बहुधा हाच हिशेब येईपर्यंत थोडी रक्कम रोखून ठेवतात.

कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय त्याच पत्त्यावर असेल, तर ते हलवण्याची नोंद वेगळी करावी लागते. 2023 पासून ती फ्रेंच सरकारच्या एकाच ऑनलाइन खिडकीवर होते. वीज, इंटरनेट, विमा, सफाई यांचे करार त्याच दिवशी संपवायचे असतात, आणि विमा मात्र किल्ल्या देईपर्यंत चालू ठेवायचा असतो; रिकाम्या ऑफिसातही पाण्याचा नळ फुटतो.

31 जानेवारी 2030 पर्यंत थांबायचे ठरवले, किंवा दार चुकून गेले, तर पुढे काय हेही माहीत हवे. करार संपूनही कोणी काही केले नाही तर तो आपोआप लांबतो. मग तीन वर्षांची साखळी सुटते, आणि सहा महिन्यांच्या नोटिशीने कधीही बाहेर पडता येते, फक्त शेवट तिमाहीच्या शेवटच्या दिवशी येतो: 31 मार्च, 30 जून, 30 सप्टेंबर किंवा 31 डिसेंबर. 15 मे ही तारीख लिहिली तर ती चुकीची ठरते. मालक मध्येच सहमतीने सोडायला तयार झाला, तर दोघांच्या सहीचा स्वतंत्र करार करावा आणि त्यात तारीख, भाडे, किल्ल्या, अनामत सगळे लिहावे. असे कागद दोन्ही भाषांत करून घ्यावेत, पण कोणती प्रत निर्णायक ते त्यातच नमूद असावे. तिथल्या वकिलांना फ्रेंच प्रत निर्णायक ठेवणेच पसंत असते.